पिशवी काढायची की नाही, हा प्रश्न शेवटचा

प्रश्न : माझं वय ४३. दोन मुलं, दोघंही मोठी. दीड वर्षापासून पाळी नऊ-दहा दिवस चालते, गाठी पडतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रात्री उठून पॅड बदलावं लागतं. हिमोग्लोबिन ७.८ आलंय. सोनोग्राफीत गर्भाशय मोठं, दोन सेंटीमीटरची गाठ आणि आतलं अस्तर १४ मिलिमीटर असं लिहिलंय. सोनोग्राफी पाळी यायच्या दोन दिवस आधी झाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी पिशवी काढून टाका म्हणून सांगितलं, पुढच्या महिन्यातली तारीखही दिली. माझ्या जावेनं काढली, ती म्हणते सुटले. सासूबाई म्हणतात, मुलं झाली, आता ठेवून काय करायचंय, उद्या कॅन्सर झाला तर? बीट-खजूर खातेय, पण रक्त वाढत नाही. घरची शेती, दोन म्हशी, मला खाडे परवडत नाहीत. रिपोर्ट सगळे लिहिलेत. काढू की नको, तेवढं इथेच सांगा, परत तपासायला लावू नका.
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, आधी हिमोग्लोबिनचं बोलू. चिठ्ठीतली सगळ्यांत तातडीची गोष्ट तीच आहे. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवं. ८ च्या खाली गेलं की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात, आणि तुम्ही त्या रेषेच्या खाली आहात. हे दीड वर्षात हळूहळू घसरत आलं असणार, म्हणून शरीरानं सवय करून घेतली आणि तुम्ही म्हशींचं, शेताचं सगळं ओढत राहिलात. बांध चढताना धाप लागते का? रात्री आडवं झाल्यावर छातीत धडधड ऐकू येते का? कच्चे तांदूळ, माती किंवा बर्फ खावासा वाटतो का? अशा बायका हे सगळं ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून देतात. तो शीण नसतो.

यावरून एक गोष्ट मी तुम्हाला न तपासताही ठामपणे सांगू शकते : पुढच्या महिन्यातली तारीख पुढे ढकला. जीव वाचवण्यासाठी तातडीनं करायचं ऑपरेशन वेगळं आणि ठरवून, तारीख घेऊन करायचं वेगळं. ठरवून करायच्या ऑपरेशनला ७.८ वर टेबलावर जाणं म्हणजे भूल आणि रक्तस्राव या दोन्हींचा धोका विनाकारण वाढवून घेणं. मग रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागतात आणि त्यांचे धोके वेगळे. पिशवी शेवटी काढायचीच ठरली, तरी आधी रक्त भरून मगच काढायची. म्हणजे पहिलं पाऊल दोन्ही वाटांवर एकच आहे, आणि ते उचलायला ‘काढू की नको’ याचं उत्तर माहीत असावं लागत नाही.

आता बीट-खजुराचं. तुमचं खाणं कमी पडतंय म्हणून रक्त कमी आहे, असं घरात सगळ्यांनी धरून चाललेलं दिसतं. हिशेब मांडून बघू. अंगातलं रक्त भरलेलं असताना एका मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ८० मिलिलिटरपर्यंत रक्त जाणं हे चालण्यासारखं मानतात. म्हणजे महिन्याला सुमारे ४० मिलिग्रॅम लोह बाहेर. रोजच्या जेवणातून शरीर शोषून घेतं ते दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम, कारण आपल्या भाकरी-भाजीतलं लोह फार थोडं आत जातं. पाळी बेताची असेल तर जमा-खर्च कसाबसा जुळतो. तुमच्यासारखी पाळी असली की खर्च दुप्पट-तिप्पट होतो आणि जमा तेवढीच राहते. मग शरीर साठ्याला हात घालतं. कणगीतलं धान्य तळाला लागेपर्यंत घरात कुणाला कळत नाही, तसंच हे आहे. हिमोग्लोबिन घसरायला लागतं तेव्हा कणगी आधीच रिकामी झालेली असते. बिटाचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचा एकमेकांशी संबंध नाही. बिटात लोह फार थोडं असतं. खा, चांगलंच आहे, पण त्यानं ही तूट भरणार नाही.

तूट किती आहे तेही सांगते. तुमचं वजन ५५ किलो धरलं, तर हिमोग्लोबिन वर आणून साठाही भरायला साधारण १२०० ते १५०० मिलिग्रॅम लोह लागेल. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, त्यातला थोडाच भाग आत जातो. गोळ्यांनीही भरतं, पण महिने लागतात, आणि दर पाळीला पुन्हा ओतलं जात असेल तर भरलेलं टिकत नाही. म्हणून तुमच्या पातळीवर बरेच डॉक्टर शिरेतून लोह देणं पसंत करतात. काही प्रकारांत एका बैठकीला १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, काही प्रकारांत २००-२०० मिलिग्रॅमच्या चार-सहा खेपा कराव्या लागतात. हे दवाखान्यातच घ्यायचं. क्वचित अंगावर रिअ‍ॅक्शन येते, ती ओळखणारं आणि आवरणारं माणूस जवळ हवं. घरी कंपाउंडर बोलावून लावून घेऊ नका.

तोवर गोळी घेत असाल तर शक्यतो उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा किंवा दूध तिच्या आधी-नंतर तासभर तरी नको. बऱ्याच जणींची गोळी सकाळच्या चहाबरोबर पोटात जाते आणि तशीच बाहेर पडते. शौचाला काळं होईल, घाबरू नका. मळमळत असेल तर एक दिवसाआड घ्या. दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह शरीर उलट जास्त चांगलं शोषतं. नीट घेतली आणि शोषली गेली, तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान एकानं तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर मुकाट्यानं गोळ्या चालू ठेवायच्या नाहीत. रक्त अजून जातंय, गोळी शोषली जात नाही, किंवा रक्त कमी असण्याचं कारणच लोहाचं नाही (थॅलेसेमिया या जन्मजात रक्तदोषाचा अंश असला तर असं होतं), यांतलं काय ते शोधायचं. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी सीबीसीबरोबर फेरिटिनही करून घ्या. कणगीत किती उरलंय ते फेरिटिन सांगतं.

आता रक्त जातंय किती, हे ‘खूप’ या शब्दावरून कळत नाही. एकीचं खूप दुसरीचं थोडं असतं. त्यासाठी एक सोपी मोजणी आहे. पॅडला नुसता डाग असेल तर एक गुण, अर्धंअधिक भिजलं असेल तर पाच, पूर्ण भिजलं असेल तर वीस. लहान गाठीला एक, मोठ्या गाठीला पाच. पूर्ण पाळीचे गुण शंभराच्या वर गेले, तर पाळी जड आहे असं मानायचं. समजा, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तुमची प्रत्येकी चार पॅड पूर्ण भिजली, तर त्या दोन दिवसांचेच १६० झाले. उरलेले आठ दिवस मोजायचीही गरज राहिली नाही. या महिन्याची पाळी अशी वहीत लिहून काढा. कापड वापरत असाल तर तसं लिहा, किती वेळा बदललं तेही लिहा. ही वही डॉक्टरसमोर ठेवलीत तर दहा मिनिटांची तपासणी दुप्पट कामाची होते. उपचार सुरू झाल्यावर फरक पडला की नाही हेही त्याच वहीवरून कळेल, अंदाजानं नाही.

आता सोनोग्राफीचा कागद वाचू.

‘गर्भाशय मोठं’ हा आजार नाही. बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय न झालेल्या बाईपेक्षा मोठंच असतं. कधीकधी अस्तर स्नायूच्या थरात शिरल्यानं, म्हणजे अ‍ॅडिनोमायोसिसमुळेही ते सुजल्यासारखं होतं, आणि मग पाळीत दुखणंही फार असतं. तुम्ही दुखण्याचं काही लिहिलं नाहीत. ते डॉक्टर विचारतील.

दोन सेंटीमीटरची गाठ. ही फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची साधी गाठ असेल, तर तिच्या आकारापेक्षा जागा महत्त्वाची. पोकळीत डोकावणारी लहानशी गाठही धो-धो रक्तस्राव घडवते. भिंतीच्या आत बसलेली दोन सेंटीमीटरची गाठ बहुतेक वेळा काहीच करत नाही, आणि बाहेरच्या अंगाला वाढलेली तर पाळीशी फारसा संबंधच ठेवत नाही. चाळिशीच्या पुष्कळ बायकांना अशा गाठी असतात आणि आयुष्यभर त्यांना त्याचा पत्ता नसतो. तुमच्या रिपोर्टमध्ये गाठ कुठे आहे ते लिहिलेलं असणार. इंट्राम्युरल म्हणजे भिंतीत, सबम्युकस म्हणजे पोकळीच्या बाजूला, सबसिरस म्हणजे बाहेरच्या बाजूला. तुम्ही ते चिठ्ठीत लिहिलं नाहीत, आणि नेमक्या त्या एका शब्दावर बरंच अवलंबून आहे. फायब्रॉइडचा कॅन्सर होणं अतिशय विरळा आहे, आणि पाळी कायमची थांबली की या गाठी बहुधा आपोआप आकसतात.

तिसरी गोष्ट, १४ मिलिमीटर अस्तर. हे वाचून घरात सगळे घाबरले असतील. पण तुमची सोनोग्राफी पाळीच्या दोन दिवस आधी झाली, आणि तेव्हा अस्तर जाडच असतं; तेच पुढे पाळीतून पडून जातं. पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत मोजलं, तर त्याच बाईचं अस्तर पाच-सहा मिलिमीटर भरू शकतं. पाळी कायमची गेलेल्या बाईला १४ आलं तर ती काळजीची गोष्ट आहे. तुम्हाला, त्या दिवशी, फक्त त्या आकड्यावरून काहीही ठरत नाही. सोनोग्राफी परत करायची झाली तर पाळी संपल्यानंतरच्या चार-पाच दिवसांत आणि योनीमार्गातून करायला सांगा. पोटावरून केलेल्यापेक्षा तिच्यात पोकळी आणि अस्तर जास्त स्पष्ट दिसतं.

म्हणजे ज्या तीन गोष्टींच्या जोरावर पिशवी काढायचं ठरलं, त्यांतली एकही एकटी पुरेशी नाही. तरीही ‘मग काढू नका’ असं मी म्हणत नाही, ताई. याच कागदातली खरी उणीव इथे आहे. सोनोग्राफीला गर्भाशयाचं तोंड नीट दिसत नाही. तिथे मोड, म्हणजे पॉलिप, आला असेल, जखम असेल, सुरुवातीचा कॅन्सर असेल, तर तो सोनोग्राफीच्या कागदावर बहुधा येतच नाही. तो डोळ्यांनी बघावा लागतो. आणि अस्तराच्या पेशी बिघडल्यात की नाही हे जाडीच्या आकड्यावरून कळत नाही, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच कळतं. तुमच्या चिठ्ठीत आतून तपासणी झाल्याचा उल्लेख नाही. झाली असेल तर तिचा कागद शोधा. झाली नसेल, तर परत तपासायला लावू नका ही तुमची विनंती मला मान्य करता येत नाही, कारण तपासणी अजून झालेलीच नाही.

का, ते समजावं म्हणून अगदी तुमच्यासारखाच रिपोर्ट असलेल्या दोन बायका डोळ्यांसमोर आणा. वय तेच, गाठ तीच, १४ मिलिमीटर तेच. पहिलीला आतून तपासल्यावर गर्भाशयाच्या तोंडातून लोंबणारा मोड दिसला. तो छोट्या प्रक्रियेनं काढला, तपासणीला पाठवला, साधा निघाला, आणि पाळी पाच दिवसांवर आली. भिंतीतल्या गाठीचा त्यात काही हात नव्हता. दुसरीचं तोंड स्वच्छ दिसलं, पण अस्तराच्या तुकड्यात कॅन्सरच्या आधीची अवस्था निघाली. तिला पिशवी काढणं हाच योग्य सल्ला होता, आणि कदाचित ते ऑपरेशन कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या सल्ल्यानं, वेगळ्या तयारीनं करायला हवं होतं. दोघींना कागद बघून ‘काढा’ म्हटलं असतं, तर पहिलीची पिशवी विनाकारण गेली असती आणि दुसरीचं ऑपरेशन अपुऱ्या तयारीनं झालं असतं. त्या दोघींपैकी तुम्ही कोण, किंवा तिसरीच कुणी, हे मला इथे बसून कळण्याचा मार्ग नाही.

आतून तपासायला बायका घाबरतात, लाजतात, हे मला माहीत आहे. म्हणून काय होतं तेच सांगते. स्पेक्युलम नावाचं चमच्यासारखं उपकरण वापरून गर्भाशयाचं तोंड उजेडात बघतात. तेव्हाच ब्रशनं पेशी घेतात, म्हणजे पॅप टेस्ट, किंवा सरकारी केंद्रात असेल तर तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून पांढरा डाग उठतो का ते बघतात. मग हातानं गर्भाशयाचा आकार, दुखरेपणा चाचपतात. अस्तराचा तुकडा घ्यायचा असला तर बारीक, लवचीक प्लास्टिकची नळी आत घालून घेतात. पाळीसारखी कळ येते, पण काही मिनिटांत आटपतं आणि बहुधा भूल लागत नाही. तुमचं वय चाळिशीच्या पुढे आहे आणि दीड वर्ष रक्तस्राव चाललाय, म्हणून तुमच्या बाबतीत हा तुकडा घ्यावाच असं मला वाटतं. बाई डॉक्टर हवी असं स्पष्ट सांगा. सोबत हवं ते माणूस आत घ्या. आणि ‘पाळी चालू आहे, थांबल्यावर जाईन’ म्हणून आठवडे घालवू नका. थांबतच नसेल तर तशाच जा, तोंड बघता येतं.

तपासणीआधी डॉक्टर आणखी काही विचारतील, त्याची उत्तरं घरूनच तयार ठेवा. तांबी बसवलेली आहे का, आणि कधी? तांबीनं पाळी जड होते, आणि कित्येक बायका दहा वर्षांपूर्वी बसवलेली विसरून गेलेल्या असतात. गौरी-गणपतीला, लग्नकार्याला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या किती वेळा घेतल्या? त्या थांबवल्यावर येणारा रक्तस्राव भरपूर असू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कुणी दिलेली काढे-चूर्णं, जे काही चालू असेल त्याची पाकिटं पिशवीत टाका. थायरॉइड तपासलंय का? गरोदर राहायची शक्यता आहे का? हे विचारलं की बायकांना राग येतो, पण ४३ व्या वर्षीही रक्तस्राव आणि गर्भ यांचा संबंध असू शकतो, आणि एका साध्या लघवीच्या चाचणीत उत्तर मिळतं. पाळी वयात आल्यापासूनच जड होती का, दात काढल्यावर रक्त थांबत नव्हतं का, हेही आठवा. रक्त गोठण्याचा दोष काही जणींना जन्मापासून असतो.

आता समजा, तोंड स्वच्छ निघालं, तुकडा साधा आला, थायरॉइड ठीक निघालं. मग लगेच पिशवीकडे जायचं नाही, कारण मध्ये पायऱ्या आहेत.

पहिली पायरी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. पाळीच्या फक्त जड दिवसांत, बहुधा दिवसातून तीनदा, चार-पाच दिवस. रक्तस्राव साधारण निम्म्यावर येऊ शकतो. हार्मोन नाहीत. पण पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, तर त्या घ्यायच्या नाहीत, म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर आणू नका.

दुसरी पायरी तांबीसारखीच दिसणारी, पण तांब्याऐवजी हार्मोन हळूहळू सोडणारी टी. ती गर्भाशयात बसवतात, अस्तर पातळ होत जातं, आणि सहा महिने ते वर्षात बहुतेक बायकांचा रक्तस्राव खूपच कमी होतो, काहींची पाळी जवळपास बंदच होते. पाच वर्षं आणि त्याहून जास्त काळ चालते. तुमच्या वयाचा विचार केला तर पाळी जायच्या वयापर्यंत ती तुम्हाला पोचवू शकते, हे लक्षात घ्या. दोष असा की पहिले तीन-सहा महिने मधूनमधून डाग लागत राहतात. ते आधी कुणी सांगितलं नाही की बायका घाबरून दोन महिन्यांत काढून टाकतात. पोकळीचा आकार गाठीनं बिघडला असेल तर ती निसटू शकते. किंमत सुरुवातीला जास्त वाटेल. ऑपरेशन, औषधं आणि बुडालेलं काम यांच्याशी तुलना करून ठरवा. जिल्हा रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करायलाही हरकत नाही.

गोळ्यांच्या रूपातले हार्मोनही देतात, वय, वजन, रक्तदाब बघून. गाठ पोकळीत असेल तर दुर्बिणीनं फक्त ती गाठ काढता येते. एवढं सगळं करून पाहिलं, सहा महिन्यांत फरक पडला नाही, रक्त पुन्हा घसरलं, आणि तुम्ही स्वतः कंटाळून ‘आता काढा’ म्हणालात, तर पिशवी काढणं हा योग्य, विचार करून घेतलेला निर्णय असेल. तुमच्या जावेचं तसंच झालं असेल. तिचं ‘सुटले’ खरं आहे, मी ते खोटं म्हणणार नाही. फक्त तिचं दुखणं आणि तुमचं दुखणं एक आहे की नाही, हे तिलाही ठाऊक नाही.

सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं, कारण घरात निर्णय त्यावर होईल. गर्भाशयाचं काम मुलं झाल्यावर संपतं हे खरं धरलं, तरी ऑपरेशनचा परिणाम फक्त गर्भाशयावर होत नाही. पुष्कळदा ‘त्याच वेळी अंडाशयही काढून टाकू’ असं ठरतं आणि बाईला ते नंतर कागद वाचून कळतं. ४३ व्या वर्षी दोन्ही अंडाशयं गेली की काही दिवसांतच पाळी जाण्याची लक्षणं एकदम सुरू होतात : अंगातून वाफा, झोप उडणं, सांधे दुखणं. पुढच्या वर्षांत हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराची शक्यता वाढते. अंडाशयं ठेवली तरी ती कधीकधी नेहमीपेक्षा थोडी लवकर थकतात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत सापडण्यासाठी तपासणी असते. तीस ते पासष्ट वर्षांच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत ती फुकट होते. कॅन्सरच्या भीतीनं निरोगी अवयव काढायचा, तर मग स्तनाचं काय करणार? भारतातल्या बायकांत सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे.

आणि खाड्यांबद्दल. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी सगळ्या राज्यानं वाचली. पाळीचा त्रास, खाडा पडला की मुकादमाला द्यावा लागणारा दंड आणि ‘काढून टाका, मोकळ्या व्हा’ हा सल्ला, यांत तरण्या बायकांच्या पिशव्या गेल्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असं सांगितलं. त्या ऊसतोड बायकांपैकी अनेकींची कंबर आणि अंग नंतरही दुखतच राहिलं, आणि कामही सुटलं नाही. तुम्हाला मुकादम नाही, पण म्हशी आहेत, भांगलण आहे. पिशवी काढल्यावर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. पाण्याची घागर, वैरणीचा भारा, दुधाची किटली, काहीही नाही. ते पाळलं नाही तर टाके आणि आतला आधार यांना त्रास होतो. मग खाडे वाचवायला ऑपरेशन, हा हिशेब जुळत नाही. तपासणीला एक दिवस, शिरेतून लोह घ्यायला एक-दोन दिवस, इतकेच खाडे आत्ता लागणार आहेत. ती सोय घरच्यांकडून करून घ्या, आणि ‘रक्त ७.८ आहे’ हे त्यांना आकड्यात सांगा.

तालुक्याच्या डॉक्टरांशी भांडण काढायची गरज नाही. तारीख पुढे घ्यायला जाताना त्यांनाच विचारा : रक्तस्रावाचं नेमकं कारण काय ठरलं? तुकड्याचा रिपोर्ट कुठे आहे? गोळ्या किंवा हार्मोनची टी माझ्यासाठी का नको? अंडाशयं ठेवणार की काढणार, आणि हे संमतीपत्रावर लिहाल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, आणि त्यांची उत्तरं पटली तर उपचार तिथेच चालू ठेवायला काही हरकत नाही. उत्तरं मिळाली नाहीत, तर रिपोर्ट आणि सोनोग्राफीच्या फिल्म मागून घ्या, त्या तुमच्या आहेत, आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा.

हे सगळं येत्या आठवडाभरात सुरू करा, पुढची पाळी यायच्या आत. पण लागोपाठ दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजायला लागलं, उभं राहिल्यावर अंधारी आली, बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर आठवडाही थांबायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करून जिथे रक्त चढवायची सोय आहे अशा रुग्णालयात जायचं. संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, तर ते लाजून लपवू नका, डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे गर्भाशयाचं तोंड त्याच दिवशी बघितलं जाईल. हेच वाचणाऱ्या ज्या बायकांची पाळी जाऊन वर्ष उलटलंय आणि पुन्हा डाग दिसलाय, त्यांनी वही करत बसू नये. एक डागही तपासणीला पुरेसा आहे.

तुकड्याचा आणि फेरिटिनचा रिपोर्ट आला की तो आणि पाळीची वही घेऊन पुन्हा डॉक्टरांसमोर बसा. तेव्हा विचारलेल्या ‘काढू की नको’ला त्यांच्याकडे उत्तर असेल.